आरामाने जाते, धावलं की परत येते: एकाच पोटरीचं दुखणं कसं शोधायचं आणि त्यावर काय करायचं

लक्षणं

धाव सुरू करताना सगळं ठीक असतं. तिसऱ्या-चौथ्या किलोमीटरच्या आसपास एकाच पायाच्या पोटरीत, कुठेतरी खोलवर, आवळल्यासारखं वाटू लागतं. गोळा येईल असं वाटतं, पण येत नाही. आणखी अर्धा किलोमीटर रेटलं की पावलागणिक बोच लागते आणि थांबावंच लागतं. मग लंगडत घरी. दुसऱ्या दिवशी जिना उतरताना दुखतं, चौथ्या दिवशी चालताना काही कळत नाही, आणि आठ-दहा दिवसांनी पोटरी दाबून पाहिली तरी दुखत नाही. म्हणून पुन्हा बूट चढवता आणि पुन्हा चौथ्या किलोमीटरला तीच पोटरी, बहुतेक वेळा तीच जागा.

या दुखण्याचं एक भावंडही आहे. त्यात दुखतं ते टाचेमागच्या जाड दोरीत, म्हणजे अकिलीस टेंडनमध्ये. सकाळी अंथरुणातून उठल्यावर पहिली दहा-वीस पावलं ताठ पडतात, मग मोकळं वाटतं. धावताना तर एखाद्या किलोमीटरनंतर विसरायला होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी मात्र ते व्याजासकट परत येतं.

माझ्या डाव्या पोटरीने मला दोन वर्षं असं झुलवलं. त्यानंतर आमच्या धावण्याच्या गटातल्या बऱ्याच जणांच्या पोटऱ्या मी मोजून पाहिल्या (मोजायच्या कशा ते पुढे येईलच) आणि बहुतेक वेळा बिघाड त्याच दोन-तीन ठिकाणी सापडला. मी डॉक्टर नाही, फिजिओथेरपिस्टही नाही. त्यामुळे इथे फक्त या एकाच दुखण्याबद्दल लिहितोय: आरामाने जाणारं आणि धावलं की परत येणारं. सपाट जमीन, एक पायरी आणि एक भिंत, एवढंच सामान लागतं.

तपासणीला लागण्याआधी

पुढच्यापैकी काहीही असेल तर हे वाचणं इथेच थांबवा.

मागून कुणी लाथ मारल्यासारखं वाटलं, 'टप्प' असा आवाज आला आणि आता त्या पायाच्या चवड्यावर उभं राहता येत नाही: टेंडन तुटलेलं असू शकतं, त्याच दिवशी डॉक्टरांकडे जा. एक पोटरी सुजली आहे, गरम लागते, न हलवताही दुखते, आणि नुकताच लांबचा प्रवास, शस्त्रक्रिया किंवा अंथरुणात पडून राहणं झालं आहे: शिरेत रक्ताची गुठळी असू शकते. अशी पोटरी चोळायची नाही, तिला मालीश करायचं नाही, त्याच दिवशी दाखवायचं. सोबत धाप लागत असेल किंवा छातीत दुखत असेल तर थेट तातडीच्या विभागात. नडगीच्या हाडावर एका बोटाने दाखवता येईल अशी जागा दुखते आणि एका पायावर उडी मारली की कळ जाते: हाडाला बारीक चीर गेलेली असू शकते, आणि त्यावर व्यायाम हा उपाय नाही.

अजून एक, जे सहसा कुणी विचारत नाही. गेल्या काही आठवड्यांत सिप्रोफ्लॉक्सासिन किंवा लिव्होफ्लॉक्सासिन या जातीचं प्रतिजैविक घेतलं असेल आणि टाचेमागे दुखू लागलं असेल, तर ताण देणारे व्यायाम बंद ठेवून औषध देणाऱ्या डॉक्टरांना आधी सांगा. या औषधांनी टेंडन इजा होण्याचा, अगदी तुटण्याचाही धोका वाढतो.

पहिली तपासणी: कागद आणि पेन्सिल

पोटरी धरली त्याआधीच्या तीन आठवड्यांत काय काय धावलात ते कागदावर उतरवा. किती किलोमीटर, कोणत्या वेगाने, चढ होते का, बूट बदलले का. मोबाइलमध्ये नोंद असेल तर पाच मिनिटांचं काम.

ही तपासणी पहिली ठेवायचं कारण असं की पोटरीवरचा भार अचानक वाढवणाऱ्या गोष्टी मोजक्याच आहेत आणि त्या कागदावर लगेच उठून दिसतात. एक म्हणजे वेग: जोरात धावताना पोटरीचं काम बरंच वाढतं. दुसरी म्हणजे चढ. तिसरी, आणि माझ्या पाहण्यात सगळ्यात निसटणारी, म्हणजे सपाट तळव्याचे नवे बूट. जुन्या बुटात टाच चवड्यापेक्षा दहा मिलिमीटर उंच होती आणि नव्यात चारच मिलिमीटर असेल, तर प्रत्येक पावलाला घोटा जास्त वाकतो आणि पोटरी जास्त ताणली जाते. टाच आधी टेकवायची की चवडा, यावर काहीतरी पाहून कुणी अचानक चवड्यावर धावायला लागतं, तेव्हाही हेच होतं.

आणि कागदावर बघायची चौथी गोष्ट: दुखणं गेल्यावरची पहिली धाव किती होती? दहापैकी आठ जण दहा दिवस बसून राहतात आणि अकराव्या दिवशी थेट सहा किलोमीटर पळतात. तुमचा कागद असं सांगत असेल तर पुढचे व्यायाम करावे लागतीलच, पण परतण्याची पद्धत बदलली नाही तर त्यांचा उपयोग होणार नाही.

दुसरी तपासणी: एक बोट

पोटावर झोपा, पाय पलंगाच्या कडेबाहेर सोडा आणि दुसऱ्या कुणाला अंगठ्याने हळूहळू दाबत टाचेपासून वर यायला सांगा. नेमकं कुठे दुखतं?

पोटरीचे दोन मोठे स्नायू आहेत. वरचा, बाहेरून फुगीर दिसणारा, तो गॅस्ट्रॉक्नेमियस. तो गुडघ्याच्या वरून सुरू होतो. त्याच्याखाली दडलेला चपटा आणि रुंद स्नायू म्हणजे सोलियस, तो गुडघ्याच्या खालून सुरू होतो. दोघे खाली येऊन एकाच टेंडनमध्ये मिळतात आणि ते टाचेच्या हाडाला चिकटतं. वर, आतल्या बाजूच्या फुगवट्यात टोचत असेल आणि दुखणं एका क्षणी झटक्यात सुरू झालं असेल, तर बहुधा गॅस्ट्रॉक्नेमियस. खाली, खोलवर, हळूहळू आवळत येणारं असेल तर बहुधा सोलियस. टाचेच्या दोन ते सहा सेंटीमीटर वर, चिमटीत धरता येणाऱ्या दोरीत असेल तर टेंडन.

दुखणं अगदी टाचेच्या हाडावर, टेंडन चिकटतं तिथेच असेल, तर एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा: पायरीवरून टाच खाली सोडायचे व्यायाम तुमच्यासाठी नाहीत. टाच खाली गेली की टेंडन हाडावर दाबलं जातं आणि तेच दुखतं. तुम्ही सगळं सपाट जमिनीवरच करायचं.

तिसरी तपासणी: टाचा मोजा

सगळ्यात जास्त माहिती इथे मिळते, म्हणून घाई करू नका. आधी अट: चालताना दुखत नसलं पाहिजे आणि दोन्ही पायांवर चवडे उचलताना दुखत नसलं पाहिजे. दुखत असेल तर आणखी काही दिवस थांबा.

अनवाणी, सपाट जमिनीवर, भिंतीसमोर उभे राहा. भिंतीला फक्त बोटांची टोकं, तीही तोल सांभाळण्यापुरती. एक पाय उचला. दुसऱ्या पायाची टाच जितकी वर जाईल तितकी एका सेकंदात वर, एका सेकंदात खाली. पहिल्या वेळी टाच जेवढी वर गेली, त्या उंचीला घोट्याच्या हाडाजवळ भिंतीवर चिकटपट्टीची खूण करा आणि मोबाइल जमिनीवर टेकवून बाजूने चित्रण करा. खुणेपर्यंत टाच पोहोचेनाशी झाली, गुडघा वाकायला लागला, किंवा अंग पुढे झोकून भिंत ढकलायला लागलात की मोजणी बंद. आधी चांगला पाय, दोन मिनिटं थांबून दुखरा.

चित्रण का, तर आपण सगळेच स्वतःला फसवतो. मी पहिल्यांदा मोजलं तेव्हा डाव्या पायाने बावीस झाले म्हणून खूश होतो. चित्रण पाहिलं तर बाराव्यानंतर टाच निम्मीच उचलली जात होती.

निरोगी माणसाला एका पायावर साधारण पंचवीस जमायला हवेत, असा आकडा फिजिओथेरपीत बऱ्याच काळापासून वापरला जातो. वयानुसार तो कमी होतो, त्यामुळे पंचवीसचं ओझं घेऊ नका. जास्त महत्त्वाचा आहे तो दोन पायांतला फरक. एक-दोनचा फरक सोडून द्या. एकीकडे बावीस आणि दुसरीकडे तेरा असेल तर बिघाड सापडला.

आता तेच पुन्हा, पण गुडघा थोडा वाकवून, खुर्चीत बसायला सुरुवात केल्यासारखा, आणि पूर्ण वेळ तेवढाच वाकलेला ठेवून. गुडघा वाकला की वरचा स्नायू सैल पडतो, कारण तो गुडघ्यावरून जातो, आणि जवळजवळ सगळा भार सोलियसवर येतो. लोक इथे हमखास एक चूक करतात: टाच वर जाताना गुडघा हळूच सरळ होतो. मग व्यायाम सोपा वाटतो आणि काहीच मोजलं जात नाही.

हे दुसरं मोजमाप बहुतेक जण कधीच करत नाहीत. धावताना मात्र पाऊल अंगाखाली येतं त्या क्षणी गुडघा वाकलेलाच असतो आणि तो भार सोलियस पेलतो. संशोधकांच्या गणितानुसार धावताना या एका स्नायूवर शरीराच्या वजनाच्या सहा ते आठ पट इतका जोर येतो. मिनिटाला १६५ पावलं धरली आणि सात मिनिटांना एक किलोमीटर हा वेग धरला, तर चौथा किलोमीटर संपेपर्यंत प्रत्येक पाय २३०० वेळा टेकतो. जो सोलियस भिंतीपाशी आठ वेळा उचलून दमतो, त्याला हे झेपणार कसं? पहिला किलोमीटर तो ओढून नेतो, चौथ्याला हात टेकतो. आराम करून जखम भरते, पण आठाचे वीस होत नाहीत. उलट बसून राहिल्याने आठाचे सात होतात.

चौथी तपासणी: एक पायरी

पोटरी सापडली तरी थांबू नका, खुब्याकडे एकदा बघून घ्या. साधारण १५ सेंटीमीटर उंचीच्या पायरीच्या कडेवर एका पायावर उभे राहा, हात कमरेच्या हाडांवर. उभ्या पायाचा गुडघा हळू वाकवत दुसरी टाच समोर जमिनीला नुसती टेकवा आणि परत वर या. दहा वेळा, समोरून चित्रण करत. बघायचं काय? अधांतरी पायाच्या बाजूची कंबर खाली झुकते का, आणि उभ्या पायाचा गुडघा आत अंगठ्याच्याही पलीकडे कलतो का.

खुब्याच्या बाहेरच्या बाजूला ग्लुटियस मीडियस नावाचा स्नायू आहे. एका पायावर उभं राहताना कंबर आडवी ठेवणं हे त्याचं काम. तो कमी पडला की दुसरी बाजू झुकते. ही खूण फ्रीड्रिख ट्रेंडेलेनबर्ग या जर्मन शल्यविशारदाने १८९५ साली मांडली आणि आजही ती त्याच्याच नावाने ओळखली जाते. त्याच्यापुढे अर्थात खुब्याचे खरे रुग्ण होते. धावणाऱ्यांत हे झुकणं बारीक असतं आणि बहुधा पाचव्या-सहाव्या वेळेनंतर, दमल्यावर दिसतं. म्हणून दहा वेळा करायचं.

मग पाठीवर झोपून पूल: दोन्ही गुडघे वाकवा, एक पाय छातीकडे घ्या, दुसऱ्या टाचेवर जोर देऊन कंबर उचला. कुठे जाणवतं? नितंबात जाणवलं तर ठीक. मांडीच्या मागे गोळा येऊ लागला तर टाच नितंबाच्या जवळ घ्या आणि पुन्हा करा. तरीही मांडीच ओढत असेल, किंवा दोन बाजूंत चार-पाचपेक्षा जास्त फरक असेल, तर नितंबाकडे लक्ष द्यायला हवं.

इथे माझं एक मत. नितंबाचे स्नायू 'झोपलेले' असतात आणि त्यांना 'जागं' करायचं असतं, असं बरेच प्रशिक्षक सांगतात. स्नायू झोपत नाहीत. झोपले असते तर जिना चढता आला नसता. ते कमकुवत असू शकतात किंवा लवकर दमत असतील, आणि मग पाऊल मागे रेटण्याचं काम पोटरीवर जास्त पडतं. पण पोटरीच्या दुखण्यात खुबा हा दुसरा संशयित आहे, पहिला नाही. तिसऱ्या तपासणीत मोठा फरक असताना फक्त कमरेचे व्यायाम करून पोटरी बरी झालेली मी एकदाही पाहिलेली नाही.

दिनक्रम

आठवड्यातून दोन वेळा, जमलं तर तीन, मध्ये किमान एक दिवस सोडून. पंचवीस मिनिटं लागतात. धावण्याच्याच दिवशी, धावून झाल्यावर केलं तर उत्तम. म्हणजे मोकळा दिवस खरंच मोकळा राहतो. जोरात धावायच्या आदल्या संध्याकाळी मात्र करू नका.

१. गुडघा सरळ ठेवून टाच उचलणं, एका पायावर, तीन फेऱ्या. दोन सेकंदांत वर, तीन सेकंदांत खाली. किती करायचे? मोजणीत जेवढे आले त्याच्या दोन तृतीयांश. तेरा आले असतील तर नऊ. मोजणीत सहासुद्धा आले नाहीत तर दोन्ही पायांवर वर जायचं आणि दुखऱ्या एकट्या पायावर खाली यायचं. सपाट जमिनीवर सोपं झालं की पायरीवर, टाच कडेच्या खाली सोडून (टाचेच्या हाडावर दुखणाऱ्यांनी हे सोडून).

२. गुडघा वाकवून तेच, तीन फेऱ्या. कंटाळून हा वगळू नका. १९९८ साली हाकान आल्फ्रेडसन या स्वीडिश शल्यविशारदाने अकिलीस टेंडनसाठी प्रसिद्ध केलेल्या कार्यक्रमातही टाच खाली सोडण्याच्या १५-१५ च्या तीन फेऱ्या गुडघा सरळ ठेवून आणि तीन वाकवून, अशा दोन्ही होत्या. तो कार्यक्रम रोज दोनदा, बारा आठवडे करायचा असे. आपल्याला तेवढं करायचं नाही, पण बारा आठवडे हा आकडा डोक्यात ठेवा.

३. एका पायावर पूल, आठ ते बारा, तीन फेऱ्या. वर गेल्यावर दोन सेकंद थांबा.

४. कुशीवर झोपून वरचा पाय उचलणं, बारा, तीन फेऱ्या. पाठ, नितंब आणि टाच भिंतीला टेकवा आणि टाच भिंतीवरून घासत वर न्या. भिंत नसली की पाय नकळत पुढे येतो आणि काम मांडीच्या पुढच्या स्नायूकडे जातं. चौथ्या आठवड्यापासून याच्या जागी पायरीची तपासणी हाच व्यायाम म्हणून करा.

दुखऱ्या पायाने सुरुवात करा आणि चांगल्या पायाने तेवढेच करा, जास्त नाही. नाहीतर फरक तसाच राहतो.

दुखणं किती चालेल? शून्य ते दहाच्या मापावर तीनपर्यंत चालेल, पण दुसऱ्या दिवशी सकाळची पहिली पावलं आदल्या सकाळपेक्षा वाईट नकोत. वाईट असतील तर पुढच्या वेळी प्रत्येक फेरीत तीन कमी. दोन्ही पोटऱ्या दोन दिवस सारख्याच भरून आल्या असतील तर घाबरायचं कारण नाही, ते नव्या व्यायामाचं दुखणं असतं. एकाच जागी टोचलं तर मात्र ती खूण वेगळी.

तिन्ही फेऱ्यांत पंधरा-पंधरा होऊ लागले की नुसता आकडा वाढवत बसू नका. त्यापुढे दमश्वास वाढतो, ताकद फारशी नाही. खाली यायला पाच सेकंद घ्या, वर दोन सेकंद थांबा. तेही सोपं झालं की पाठीवरच्या पिशवीत पुस्तकं भरा. शरीराच्या वजनाची मर्यादा इथे येते आणि ती मान्य करावी. जोरात धावायला लागण्याआधी शेवटचा टप्पा उड्यांचा: दोन्ही पायांवर जागच्या जागी हलक्या वीस उड्या, तीन फेऱ्या, आणि त्या दोन आठवडे निर्वेध गेल्या की एका पायावर दहा. धावणं म्हणजे शेवटी एका पायावरून दुसऱ्या पायावर उड्याच, आणि टेंडनला त्या झटक्याची सवय संथ व्यायामाने लागत नाही.

ताणण्याबद्दल लोक विचारतातच. धावण्याआधी पोटरी ताणून उभं राहिल्याने दुखापत टळते, असं अभ्यासांत दिसलेलं नाही. बरं वाटत असेल तर करा, पण ताज्या दुखापतीत पहिले काही दिवस जोराने ताणू नका. आणि हा दिनक्रम म्हणजे विम्याची पॉलिसी नाही. धावणाऱ्यांवर झालेल्या अभ्यासांचे निकाल संमिश्र आहेत. व्यायामाने धोका कमी होऊ शकतो, शून्य होत नाही, आणि अति धावण्याची भरपाई तर तो अजिबात करत नाही.

एक उदाहरण, आकड्यांसकट

आमच्या गटातल्या एक ताई, वय ४६, अर्धमॅरेथॉनची तयारी करत होत्या. पाच महिन्यांत डावी पोटरी चार वेळा धरली. दर वेळी दहा दिवस आराम, मालीश, पोटरीवर घट्ट पट्टा आणि पुन्हा धाव. मी म्हटलं, आधी मोजू या. त्या म्हणाल्या, "अरे, आता दुखत तर नाहीये, मग मोजायचं काय?"

गुडघा सरळ: उजवा २४, डावा १३. गुडघा वाकवून: उजवा १९, डावा ८. पायरीवर डाव्या पायावर उभं असताना सहाव्या वेळेपासून कंबर झुकत होती. कागदावर पाहिलं तर चारही वेळा परतल्यावरची पहिली धाव सहा किलोमीटरची होती.

पहिले दोन आठवडे धावणं बंद, चालणं चालू. डाव्या-उजव्या दोन्ही पायांनी सरळ गुडघ्याने नऊ आणि वाकवून पाच, तीन-तीन फेऱ्या, सोबत पूल आणि भिंतीवरचा पाय. तिसऱ्या आठवड्यात एक मिनिट धावणं आणि एक मिनिट चालणं असं दहा वेळा, एक दिवसाआड. चौथ्याच्या शेवटी पुन्हा मोजलं: डावा १७ आणि १२. इथपर्यंत छान.

पाचव्या आठवड्यात "आज पाय इतका हलका वाटत होता" म्हणून त्यांनी शेवटचा किलोमीटर जोरात घेतला. पोटरी परत धरली, मात्र या वेळी चार दिवसांत मोकळी झाली. आम्ही धावणं एक आठवडा मागे नेलं. व्यायाम तीन दिवस थांबवून तसाच पुढे चालू ठेवला, कारण चालताना आणि दोन पायांवर टाचा उचलताना दुखत नव्हतं. आठव्या आठवड्यात २१ आणि १६. दहाव्यात सलग सहा किलोमीटर, संथ. बाराव्यात उड्या सुरू झाल्या आणि वेग त्याच्याही नंतर. अंतर आधी, वेग सगळ्यात शेवटी, हा क्रम त्यांनी यावेळी मोडला नाही. ती शर्यत हुकलीच, पुढची धरली. आता आठवड्यातून एकदा दिनक्रम करतात आणि महिन्यातून एकदा मोजतात. मध्ये प्रवासामुळे दोन महिने सुटला तेव्हा डाव्याचा वाकवून आकडा १८ वरून १३ वर आला होता, दुखायला लागण्याच्या आधीच. हे मोजणीचं सगळ्यात मोठं काम.

कधी थांबायचं आणि कुणाला दाखवायचं

वर सांगितलेल्या तातडीच्या खुणा वेगळ्या. त्याशिवाय पुढच्या परिस्थितीत घरचे प्रयोग थांबवा.

सहा आठवडे नीट, चित्रण करून, दिनक्रम केला आणि आकडा हललाच नाही. किंवा आकडे दोन्ही बाजूंना सारखे झाले, तरी पोटरी त्याच किलोमीटरला धरतेच. अशा वेळी ताकद हा प्रश्नच नव्हता. धावताना दर वेळी ठरावीक वेळेनंतर पोटरी दगडासारखी घट्ट होते, पाऊल बधिर पडतं किंवा मुंग्या येतात, आणि थांबल्यावर काही मिनिटांत सगळं ओसरतं, तर स्नायूंच्या कप्प्यातला दाब वाढत असेल किंवा रक्तपुरवठा कमी पडत असेल. धूम्रपान करणाऱ्यांनी, मधुमेह असलेल्यांनी आणि पन्नाशीच्या पुढच्यांनी ही शक्यता हलक्यात घेऊ नये. कळ कंबरेतून किंवा मांडीच्या मागून खाली उतरत असेल तर मूळ पाठीत असू शकतं, आणि टाचा उचलून ते सुटणार नाही. रात्री दुखण्याने झोपमोड होत असेल तरीही दाखवा.

पहिल्यांदा खेळाडूंबरोबर काम करणाऱ्या फिजिओथेरपिस्टकडे जा. तपासून सोनोग्राफी किंवा एमआरआय लागेल का हे ते सांगतील. स्वतःहून आधी एमआरआय काढून नेऊ नका, कारण न दुखणाऱ्या टेंडनमध्येही त्यात बदल दिसू शकतात आणि नुसता घोर लागतो. जाताना कागद न्या: तीन आठवड्यांची धावण्याची नोंद, दोन्ही पायांचे सरळ आणि वाकवून आलेले आकडे तारखांसकट, दुखऱ्या जागेवर पेनाने केलेली खूण, आणि मोबाइलमधलं ते पायरीवरचं चित्रण.